गाण्यावरचा काळा-पांढरा शिक्का : माहिती देणं वेगळं, निकाल देणं वेगळं

मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. काही गाण्यांच्या नावाशेजारी एका छोट्या चौकटीत E असं अक्षर असतं. गाण्यात शिवी आहे, लैंगिक उल्लेख आहे किंवा हिंसा आहे, म्हणून सांभाळून ऐका, असा त्याचा अर्थ. हे अक्षर आलं कुठून, असं आपण कधी विचारत नाही. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे दर चार महिन्यांनी कोणी ना कोणी उठतं आणि म्हणतं, "आम्हाला गाण्यांवर बंदी नको, फक्त रेटिंग लावा. सिनेमाला असतं तसं. त्यात वाईट काय?" निवेदन तयार होतं, फोटो निघतो, आमच्याकडे छापायला येतो. म्हणून म्हटलं, ज्यांनी हा प्रयोग आधी करून पाहिला त्यांचं काय झालं ते एकदा नीट सांगावं. चाळीस वर्षांपूर्वीची अमेरिकेतली गोष्ट आहे. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण वाचल्याशिवाय खाली भांडायला येऊ नका.

सुरुवात एका आईपासून होते. टिपर गोर यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्स या गायकाची 'पर्पल रेन' ही रेकॉर्ड आणली. १९८४ साली आलेली, प्रचंड खपलेली रेकॉर्ड. घरी लावली, तर त्यातल्या 'डार्लिंग निकी' या गाण्यात हस्तमैथुनाचा सरळ उल्लेख. आई हादरली. इथपर्यंत मी त्या आईच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. पैसे देऊन मुलीसाठी वस्तू आणायची आणि आत काय आहे याचा बाहेरून काहीच पत्ता लागू नये, ही तक्रार खोटी नव्हती. कोणत्याही आईला राग येईल. आपल्या घरात आला असताच.

फरक असा, की ही आई साधी नव्हती. तिचे पती अल गोर अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य होते, पुढे उपाध्यक्ष झाले. तिच्या सोबतीला आल्या सुझन बेकर, त्यांचे पती जेम्स बेकर तेव्हा अमेरिकेचे अर्थमंत्री. आणखी दोघी वॉशिंग्टनमधल्या वजनदार घरांतल्या. १९८५ साली या चौघींनी एक संस्था काढली, पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर. नाव पाहा किती सौम्य आहे. पालकांसाठी संगीताची माहिती देणारं केंद्र. वर्तमानपत्रांनी त्यांना 'वॉशिंग्टनच्या बायका' असं नाव ठेवलं. ते नाव मला आवडत नाही, कारण त्यात बायकांची टिंगल जास्त आणि मुद्दा कमी आहे. मुद्दा त्या बायका होत्या हा नाही. साध्या आईने रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं तर ते कचऱ्याच्या टोपलीत जातं, आणि यांचं पत्र गेलं की कंपनीचा अध्यक्ष खुर्चीतून उठतो, हा मुद्दा आहे.

या केंद्राने पंधरा गाण्यांची एक यादी काढली. तिला लोक 'फिल्दी फिफ्टीन' म्हणू लागले. घाणेरडी पंधरा म्हणा. यादीत प्रिन्स होता, मॅडोना होती, सिंडी लॉपर होती, एसी/डीसी, ज्युडास प्रीस्ट, ब्लॅक सॅबथ असे कडक रॉकवाले होते. प्रत्येक गाण्यापुढे एकेक अक्षर. लैंगिक मजकुराला एक्स, हिंसेला व्ही, दारू आणि अमली पदार्थांना डी/ए, आणि भूतविद्या-सैतान वगैरेंना ओ. म्हणजे गाण्याची कुंडली एका अक्षरात.

आता ही यादी जरा डोळे उघडे ठेवून वाचा. तिच्यात काही गाणी खरंच ओंगळ होती, मी त्यांची वकिली करणार नाही. पण त्याच यादीत ट्विस्टेड सिस्टर या बँडचं 'वुइ आर नॉट गोना टेक इट' होतं, हिंसेचं अक्षर लावून. त्या गाण्याच्या शब्दांत ना मारामारी आहे, ना शस्त्र, ना रक्त. आता आम्ही ऐकून घेणार नाही, एवढाच त्याचा आशय. आपल्या मोर्च्यातल्या कुठल्याही घोषणेपेक्षा ते सौम्य आहे. मग हिंसा आली कुठून? त्या गाण्याच्या व्हिडिओत एक तापट बाप सारखा पडतो, आपटतो, लहान मुलांच्या कार्टूनमध्ये असतं तसा. शिक्का मात्र गाण्याच्या शब्दांवर मारला गेला. आणि यादीत कंट्री संगीताचं एकही गाणं नव्हतं. दारू, बाहेरख्यालीपणा, बंदूक आणि तुरुंग हे ज्या गाण्यांचं रोजचं खाणं, ते संगीत निर्दोष सुटलं. ते मोठ्या माणसांचं, 'चांगल्या घरांतलं' संगीत होतं ना! पोरांचं संगीत तेवढं आरोपीच्या पिंजऱ्यात. अशी यादी हाती आली की मी तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी बघतो. यादी करणाऱ्याचं मन तिथे कळतं.

केंद्राच्या मागण्याही नुसत्या रेटिंगच्या नव्हत्या. गाण्याचे शब्द कव्हरवर छापा, ही एक मागणी होती आणि ती रास्त होती. पण त्याच्या जोडीला, आक्षेपार्ह कव्हर असलेल्या रेकॉर्ड दुकानात काउंटरखाली ठेवा, रेडिओ-टीव्हीवाल्यांवर दबाव आणा, आणि स्टेजवर हिंसक किंवा अश्लील वागणाऱ्या कलाकारांच्या करारांचा कंपन्यांनी फेरविचार करावा, असंही होतं. थोडक्यात, त्यांचं काम काढून घ्या. आणि वर म्हणायचं, आम्ही बंदी मागतच नाही!

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे या विषयाची जाहीर सुनावणी झाली. त्या समितीत खुद्द अल गोर सदस्य होते. बायको तक्रारदार, नवरा ऐकणाऱ्यांच्या खुर्चीत. आपल्या तालुक्यात असं झालं असतं तर चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय चालला नसता. अध्यक्ष जॉन डॅनफोर्थ यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं, की आमच्यापुढे कुठलाही कायदा नाही, ही फक्त चर्चा आहे. त्यावर नेब्रास्काचे सिनेटर एक्सन यांनी साधा प्रश्न केला : कायदा करायचा नाही, नियम करायचा नाही, मग ही सुनावणी कशासाठी? या प्रश्नाला त्या दिवशी कोणी सरळ उत्तर दिलं नाही. उत्तर पुढे दोन महिन्यांत मिळालं, ते मी खाली सांगतो. दुसरे सिनेटर हॉलिंग्ज यांनी तर आडपडदाच ठेवला नाही. घटनेत बसेल असा मार्ग सापडला तर हे सगळं आपण बंद करू, अशा अर्थाचं ते बोलून गेले. बंदीचा विचारही नाही म्हणणाऱ्यांच्या शेजारच्याच खुर्चीतून हे आलं!

कलाकारांच्या बाजूने तिघे बोलले. त्यांतल्या दोघांचे किस्से मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण शिक्का चुकतो कसा ते त्यांतून कळतं.

पहिला डी स्नायडर, ट्विस्टेड सिस्टरचा गायक. लांब कुरळे केस, जीन्स, बाही नसलेलं जाकीट. सिनेटर मंडळींना वाटलं असेल, आता हा अडखळणार. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शांतपणे सांगितलं, मी तीस वर्षांचा आहे, लग्न झालंय, तीन वर्षांचा मुलगा आहे, दारू-सिगारेट-ड्रग्ज काही घेत नाही, आणि मी ख्रिस्ती आहे. टिपर गोर यांनी एका लेखात त्याच्या 'अंडर द ब्लेड' या गाण्याबद्दल लिहिलं होतं, की ते बांधून ठेवून केलेल्या छळाचं आणि बलात्काराचं गाणं आहे. स्नायडर म्हणाला, ते गाणं ऑपरेशनच्या भीतीचं आहे. आमच्या गिटारवाल्याच्या घशाचं ऑपरेशन होतं, तेव्हा लिहिलं. ब्लेड म्हणजे डॉक्टरची सुरी. बांधलेला माणूस म्हणजे टेबलावरचा पेशंट. जिला छळ शोधायचा होता तिला छळ सापडला. ज्याला ऑपरेशन शोधायचं असेल त्याला ऑपरेशन सापडेल.

हे नुसतं हजरजबाबी उत्तर म्हणून सोडून देऊ नका. यात सगळ्या व्यवस्थेचं दुखणं आहे. गाण्यात 'सुरी' हा शब्द आहे, 'बांधलंय' हा शब्द आहे, 'भीती' हा शब्द आहे. आक्षेपार्ह शब्दांची यादी घेऊन बसलेला माणूस तीन ठिकाणी खूण करणार आणि व्ही किंवा एक्स लावून मोकळा होणार. शब्द तेच, अर्थ वेगळा. आणि गाण्याचा अर्थ ठरतो तो कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, टिंगलीने की कळवळ्याने, यावर. ते अक्षरात मावत नाही. आपल्याकडे लावणीतला शृंगार आणि भारुडातली शिवराळ थट्टा ऐकत मोठे झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. भारुडातले तेवढेच शब्द निवडून कागदावर मांडले तर कुठलाही सोवळा माणूस कानावर हात ठेवेल. पण पूर्ण भारूड ऐकून तोच माणूस हात जोडतो.

स्नायडर संत होता असं मी म्हणत नाही. अल गोर यांनी त्याला विचारलं, तुमच्या चाहत्यांच्या क्लबच्या नावातली अक्षरं कशाची? त्याने सांगितली, त्यात सरळ शिवी होती. हे पण ख्रिस्ती मंडळ आहे का, असा गोर यांचा टोमणा आला. टोमणा चांगला होता. पण तक्रार गाण्यावर होती आणि गाण्याबद्दल गोरबाईंनी लिहिलेलं खरं होतं का, हा प्रश्न टोमण्याने मिटत नाही.

दुसरा जॉन डेन्व्हर. हा माणूस म्हणजे डोंगर, नदी, गाव, घर यांची गाणी गाणारा, चष्मेवाला, सज्जन. सगळ्यांना वाटलं हा तरी शिक्क्याच्या बाजूने बोलेल. तो ठाम विरोधात बोलला. कारण त्याला स्वतःला चटका बसला होता. 'रॉकी माउंटन हाय' हे त्याचं गाणं काही रेडिओ स्टेशनांनी बंद केलं होतं, का तर त्यातला 'हाय' म्हणजे नशा, असं त्यांनी ठरवलं. प्रत्यक्षात ते उंच डोंगरात रात्री उल्का पाहताना मिळालेल्या आनंदाचं गाणं. तो म्हणाला, ज्यांनी हा अर्थ लावला ते रॉकी पर्वतात कधी गेलेच नसावेत. इतका निरुपद्रवी गायक जर या चाळणीत अडकतो, तर चाळणी चुकीची आहे. गायकाला दोष देऊन उपयोग नाही.

तिसरा फ्रँक झापा. अतिशय विक्षिप्त आणि अतिशय हुशार संगीतकार. त्याने दोन मुद्दे मांडले आणि दोन्ही आज जास्त खरे वाटतात. पहिला मुद्दा पैशाचा. त्या काळी लोक रेकॉर्ड विकत घेऊन, किंवा मित्राची आणून, कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचे. आपणही तेच केलंय, ए साइड बी साइड, वर बॉलपेनने नावं. कंपन्या म्हणत होत्या यात आमचं नुकसान होतं. म्हणून कोऱ्या कॅसेटवर आणि टेपरेकॉर्डरवर कर बसवून तो पैसा संगीताच्या मालकांना द्यावा, असं विधेयक काँग्रेसपुढे होतं. ते मंजूर व्हायला सिनेटची मर्जी हवी. आणि इकडे सिनेटरांच्या बायका गाण्यांवर अक्षरं मागताहेत. झापा म्हणाला, कंपन्या या करासाठी कलाकारांचा बळी देताहेत. लेखी सौदा कुठे झाला, असा कागद कोणी दाखवलेला नाही, आणि कागद असल्याशिवाय सौदा झालाच असं मी लिहिणार नाही. पण तारखा बघा. सप्टेंबरमध्ये शिक्क्यावर सुनावणी. ऑक्टोबरच्या अखेरीस कॅसेट करावर सिनेटमध्ये सुनावणी. आणि १ नोव्हेंबर १९८५ ला रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने केंद्राशी समझोता जाहीर केला : आम्ही 'स्वतःहून' शिक्का लावू. एक्सन साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कायदा करायचाच नव्हता. कायद्याची सावली दाखवायची होती. कायदा केला असता तर कोर्टात आव्हान देता आलं असतं, घटनेतल्या अभिव्यक्तीच्या हक्कावर घासून बघता आलं असतं. 'स्वखुशीने' केलेल्या गोष्टीला कोणत्या कोर्टात जाणार? आणि गंमत म्हणजे तो कॅसेटचा कर शेवटी मंजूर झालाच नाही. कर गेला, शिक्का राहिला.

झापाचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच या पोस्टचा गाभा आहे. तो म्हणाला, पालकांना आत काय आहे ते कळायला हवं ना? मग गाण्याचे शब्द छापून द्या. हवं तर त्याचा खर्च सरकारने करावा. आई दुकानात कव्हर उलटं करेल, वाचेल आणि ठरवेल. एका घरात जे चालतं ते दुसऱ्या घरात चालत नाही, त्याला काय हरकत आहे? तिने वाचावं, तिने ठरवावं.

याला म्हणतात माहिती. आणि कव्हरवर 'सावधान' लिहिणं याला म्हणतात निकाल. माहिती मिळाली की विचार मी करतो. निकाल मिळाला की विचार दुसऱ्याने करून झालेला असतो, मला फक्त घाबरायचं असतं. डब्यावर साखर किती, मीठ किती ते छापणं वेगळं आणि डब्यावर 'हे वाईट लोकांचं खाणं आहे' असं चिकटवणं वेगळं.

मग शब्द का नाही छापले? समझोत्यात तोही पर्याय होता : एक तर शिक्का लावा, नाही तर शब्द छापा. पण कॅसेटच्या कव्हरवर जागा कुठे? शिवाय शब्दांचे हक्क बऱ्याचदा रेकॉर्ड कंपनीकडे नसतात, प्रकाशकाकडे असतात, त्यामुळे परवानगीची कटकट. शिक्का चिकटवणं स्वस्त. आणि काम किती होतं तेही बघा. सुनावणीत कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष स्टॅन्ली गॉर्टिकॉव्ह यांनी हिशेब दिला होता : सिनेमे वर्षाला साधारण ३२५ तपासावे लागतात, गाणी मात्र २५,००० येतात. म्हणून 'सिनेमाला असतं तसं गाण्याला' ही मागणी ऐकायला सोपी, करायला अशक्य. करायला गेलं की कुणीतरी घाईघाईने दोन शब्द ऐकणार आणि अक्षर लावणार. झालंही तसंच. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवू लागली. समान निकष नव्हता आणि निर्णयाविरुद्ध दाद मागायची जागाही नव्हती.

पाच वर्षांत पुढची पायरी आली. १९९० च्या सुमारास अनेक राज्यांत शिक्का सक्तीचा करणारी विधेयकं येऊ लागली. लुइझियानात तर ते विधिमंडळात मंजूर झालं, तिथल्या गव्हर्नरने नकाराधिकार वापरला म्हणून थांबलं. हे टाळण्यासाठी कंपन्यांनी सगळ्यांसाठी एकच काळा-पांढरा शिक्का आणला, 'पेरेंटल अ‍ॅडव्हायझरी'. आपल्या मोबाईलवरचं ते E याच घराण्यातलं. 'स्वखुशीने' दिलं की मागणी थांबते, ही कंपन्यांची समजूत होती. मागणी थांबत नाही. दिलेला शिक्का पुढच्या मागणीची पायरी होतो.

या शिक्क्याने काय काय केलं, त्याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली दुकानाची. वॉलमार्ट ही अमेरिकेतली अवाढव्य दुकानांची साखळी. तिने धोरण ठेवलं, शिक्का असलेली रेकॉर्ड आम्ही ठेवणार नाही. शहरात चार दुकानं असतात, पण छोट्या गावात बऱ्याचदा तेच एक दुकान. म्हणजे 'सावधान' एवढंच सांगणारा शिक्का तिथे 'बंद'चा शिक्का झाला. बंदी कुणीच घातली नाही. सरकार म्हणतं आम्ही नाही, कंपनी म्हणते आम्ही फक्त माहिती दिली, दुकानदार म्हणतो माझं दुकान माझी मर्जी. रेकॉर्ड मात्र गावात मिळत नाही. आणि मग कलाकार आधीच स्वतःची जीभ आखडतो. निर्वाणा या गाजलेल्या बँडचं 'रेप मी' नावाचं गाणं होतं. ते बलात्काराच्या विरोधातलं गाणं आहे, असं गीतकार कर्ट कोबेनने पुन्हा पुन्हा सांगितलं. पण वॉलमार्ट आणि केमार्टसाठी १९९४ साली काढलेल्या आवृत्तीच्या कव्हरवर त्याचं नाव 'वेफ मी' असं निरर्थक छापावं लागलं. बलात्काराविरुद्ध बोलायचं तर तो शब्द झाकून बोला! यातून कुठल्या मुलीचं रक्षण झालं, मला कोणी सांगावं.

दुसरी गोष्ट फ्लोरिडातली. टू लाइव्ह क्रू हा काळ्या तरुणांचा रॅप गट. त्यांची एक रेकॉर्ड खरोखर अतिशय अश्लील होती, बायकांबद्दल तिच्यात जे आहे ते मला घरात लावावंसं वाटणार नाही. पण लक्षात घ्या, त्या रेकॉर्डवर इशारा छापलेला होता. मुलांसाठी तिची वेगळी 'स्वच्छ' आवृत्तीही गटाने काढली होती. शिक्कावाल्यांनी जे जे मागितलं ते सगळं त्यांनी केलं होतं. तरी जून १९९० मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने ती रेकॉर्ड कायद्याने अश्लील ठरवली. दोन दिवसांत फोर्ट लॉडरडेलमध्ये ती विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली. गिऱ्हाईक म्हणून आलेला साध्या वेशातला पोलीस होता. दुकानदार दोषी ठरला, दंड झाला. गटातल्या कलाकारांना कार्यक्रम केला म्हणून पकडलं, ते ज्युरीपुढे निर्दोष सुटले. १९९२ साली वरच्या कोर्टाने मूळ निकालच फिरवला. त्याचं कारण वाचण्यासारखं आहे : या संगीताला कलामूल्य नाही, हे दाखवणारा पुरावाच सरकारी बाजूने दिला नव्हता. न्यायाधीशाने स्वतः टेप ऐकली आणि आपल्या मताने ठरवलं होतं. नुसतं 'मला घाण वाटलं' हे कोर्टातही चाललं नाही.

शिक्का लावला तर पुढे त्रास होणार नाही, ही हमी इथे साफ खोटी ठरली. उलट शिक्का म्हणजे पोलिसांना आयतं बोट दाखवून ठेवणं.

आता माझ्यावर येणारा प्रश्न मला माहीत आहे. "तुम्हाला मुलं-बाळं नाहीत का? पोरांनी वाट्टेल ते ऐकावं का?" नाही. पोरांनी काय ऐकावं यावर आईबापाचं लक्ष असायलाच हवं. मी फक्त एवढंच विचारतो, की शिक्क्याने ते काम केलं का? दुकानात पोर शिक्का बघून मागे फिरलं, की तीच रेकॉर्ड आधी उचलली? ज्याला पोरांचं वय आठवतं त्याला उत्तर ठाऊक आहे. आपल्या थिएटरवर 'फक्त प्रौढांसाठी'ची पाटी लागली की रांगेत कोण उभे राहायचे, आठवून बघा. आणि ज्या घरात आईबाप मुलांशी बोलतात, त्यांना शिक्क्याची गरज नव्हती. ज्या घरात कोणी बोलत नाही, तिथे शिक्का वाचतो कोण?

आपल्याला हा विषय परका नाही. नाटकाची संहिता आधी मंडळाकडून तपासून घ्यायची आणि मगच प्रयोग करायचा, ही पद्धत महाराष्ट्राने चांगली अनुभवली आहे. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये मंडळाने काटछाट सांगितली आणि १९७२ च्या त्या लढाईत कमलाकर सारंगांना हायकोर्टात जावं लागलं. तेव्हा ज्यांनी सखारामच्या तोंडचे सुटे शब्द मोजले, त्यांना ते नाटक बायकांच्या हालांबद्दल काय सांगतंय ते ऐकूच आलं नाही. वॉशिंग्टनमधली यादी आणि आपली कात्री, दोघींची खोड एकच. शब्द वेचायचे आणि अर्थ टाकून द्यायचा.

म्हणून पुढच्या वेळी 'गाण्यांना रेटिंग लावा' असं निवेदन कोणी सहीसाठी पुढे केलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, अक्षर कोण लावणार आणि ते चुकलं तर दाद कुणाकडे मागायची? दोन, यादीत कुणाची गाणी आहेत आणि तितकीच वाह्यात असूनही कुणाची नाहीत? पोरांची, गरिबांची, एखाद्या जातीची किंवा वस्तीची गाणीच तेवढी यादीत असतील तर तिथे नीतीचा प्रश्न राहिलेला नसतो. तीन, नुसती माहिती हवी असेल तर गाण्याचे शब्द खुले करून द्या, एवढीच मागणी का नाही करत? या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला, तर समजून घ्या त्याला पालकांना माहिती द्यायची नाहीये. त्याला पालकांच्या वतीने निकाल द्यायचाय.

टिपर गोर यांचा राग खरा होता. पण त्या आईला हवी होती ती गोष्ट, म्हणजे विकत घेण्याआधी आत काय आहे ते वाचायला मिळणं, ती शिक्क्याने मिळाली नाही. आज E हे अक्षर बघून तुम्हाला सांगता येतं का, की आत एक शिवी आहे, की बाईवरच्या अत्याचाराची थट्टा आहे, की त्या अत्याचाराविरुद्धचा आक्रोश आहे? नाही सांगता येत. तिन्हींना एकच अक्षर.

ज्यांना पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा. फक्त एक अट, ज्या गाण्याबद्दल लिहाल ते आधी पूर्ण ऐका.